प्रत्येक वर्षाला त्याचा स्वतःचा दर

समजा, एका कुटुंबाने जमीन विकायला काढली आहे आणि घेणाऱ्याने पैसे देण्याचे दोन पर्याय पुढे ठेवले आहेत. पहिला पर्याय असा, की पुढची पाच वर्षे दर वर्षअखेर २० लाख रुपये मिळतील. दुसरा असा, की आज काहीच मिळणार नाही, पण पाचव्या वर्षअखेर १ कोटी १६ लाख एकरकमी मिळतील. दोन्ही पर्यायांना भक्कम बँक गॅरंटी आहे, म्हणून पैसे बुडण्याची भीती हिशेबातून बाजूला ठेवू. प्रश्न एवढाच उरतो की आजच्या घडीला कुठल्या पर्यायाची किंमत जास्त आहे.

अशा वेळी बहुतेक जण एक सरळ हिशेब मांडतात. व्यवहार पाच वर्षांचा आहे, मग पाच वर्षांच्या सरकारी रोख्यावर आज किती टक्के मिळतात ते पाहायचे आणि त्याच दराने सगळ्या रकमा आजच्या किमतीत आणायच्या. तो दर ७.२० टक्के धरला, तर पहिल्या पर्यायाची किंमत ८१.५७ लाख निघते आणि दुसऱ्याची ८१.९४ लाख. एकरकमी पर्याय ३७ हजारांनी सरस ठरतो आणि कुटुंब त्यावर सही करते.

या आकडेमोडीत बेरीज-गुणाकाराची एकही चूक नाही, तरीही उत्तर उलटे आहे. पहिल्या वर्षी हाती येणाऱ्या २० लाखांना पाच वर्षांचा दर लावला, तिथे हिशेब बिघडला. एक वर्षासाठी पैसे गुंतवले तर बाजारात ७.२० टक्के मिळत नसतील, तर एक वर्षाने येणाऱ्या रकमेला तो दर लावण्याला आधार नाही. मुदतीनुसार दर वेगळे असतील तर प्रत्येक वर्षाच्या रकमेला त्या वर्षाचा दर लावायला हवा. तो दर आणायचा कुठून आणि लावायचा कसा, ते आता एकेक पायरीने पाहू.

एका रोख्याचा एकच दर, पण तो सरासरी

सरकारी रोख्यांच्या मुदती आडव्या अक्षावर आणि त्यांवर मिळणारा परतावा उभ्या अक्षावर मांडला की जी रेषा तयार होते, तिला यील्ड कर्व्ह म्हणतात. ही रेषा आडवी सपाट असेल, तर एक वर्षाला आणि पाच वर्षांना दर सारखाच, आणि मग एका दराने सगळा हिशेब केला तरी बिघडत नाही. पण ती क्वचितच सपाट असते. बहुतेक काळ ती डावीकडून उजवीकडे चढत जाते, म्हणजे मुदत लांबेल तसा दर वाढतो.

आपल्या उदाहरणासाठी पाच आकडे घेऊ. ते कुठल्या एका दिवसाचे नाहीत, हिशेब डोळ्यांसमोर यावा म्हणून निवडले आहेत. एक वर्षाच्या रोख्यावर ६.०० टक्के, दोन वर्षांच्या रोख्यावर ६.४०, तीन वर्षांच्या ६.७५, चार वर्षांच्या ७.०० आणि पाच वर्षांच्या ७.२० टक्के. सोपेपणासाठी दोन गोष्टी गृहीत धरू. प्रत्येक रोखा १०० रुपये दर्शनी किमतीचा असून आज १०० रुपयांनाच मिळतो. आणि व्याज, ज्याला बाजारात कूपन म्हणतात, ते वर्षातून एकदा मिळते.

आता मनात येईल की प्रत्येक वर्षाचे दर तर समोरच आहेत, मग पहिल्या वर्षाला ६, दुसऱ्याला ६.४० आणि पाचव्याला ७.२० लावून मोकळे व्हावे. हे एकाच दरापेक्षा बरे आहे, पण अजून नेमके नाही. पाच वर्षांचा रोखा म्हणजे पाच वर्षांनी मिळणारी एकच रक्कम नव्हे. त्यातून पहिली चार वर्षे ७ रुपये २० पैसे येतात आणि पाचव्या वर्षी १०७ रुपये २० पैसे. म्हणजे हा रोखा पाच वेगवेगळ्या मुदतींच्या रकमांची जुडी आहे आणि ७.२० हा त्या पाचही मुदतींच्या दरांचा मिळून झालेला सरासरी आकडा आहे. शेवटच्या रकमेचे वजन सर्वांत मोठे असल्याने सरासरी पाचव्या वर्षाकडे झुकते, पण आधीच्या स्वस्त वर्षांमुळे थोडी खाली ओढलीही जाते. फक्त पाचव्या वर्षी मिळणाऱ्या रकमेचा खरा दर त्यामुळे ७.२० पेक्षा थोडा जास्त असायलाच हवा.

त्या खऱ्या दराला स्पॉट रेट म्हणतात. आज पैसे द्यायचे, मध्ये एक पैसाही घ्यायचा नाही आणि ठरलेल्या वर्षी एकरकमी घ्यायचे, अशा व्यवहारावरचा हा दर आहे. जुडी सोडवून तो काढावा लागतो.

जुडी सोडवण्याची रीत

या रीतीला बूटस्ट्रॅपिंग म्हणतात. सुरुवात सर्वांत छोट्या रोख्यापासून करायची आणि आधीच्या पायरीवर मिळालेले उत्तर पुढच्या पायरीत वापरत जायचे.

पहिल्या वर्षी काही सोडवायचे नसते. एक वर्षाच्या रोख्यात मध्ये रक्कम येत नाही, म्हणून त्याचा ६ टक्के हाच स्पॉट रेट. एक वर्षाने मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत १ भागिले १.०६, म्हणजे ०.९४३४ रुपये. या आकड्याला डिस्काउंट फॅक्टर म्हणतात आणि पुढचे सगळे काम त्याच्यावरच चालते.

आता दोन वर्षांचा रोखा. तो १०० रुपयांना मिळतो. पहिल्या वर्षी ६.४० रुपये देतो, दुसऱ्या वर्षी १०६.४० रुपये. पहिल्या वर्षीच्या ६.४० ची आजची किंमत आपल्याला काढता येते, कारण त्या वर्षाचा फॅक्टर हाती आहे. ६.४० गुणिले ०.९४३४ म्हणजे ६.०४ रुपये. रोख्याच्या १०० रुपयांपैकी ६.०४ रुपये पहिल्या रकमेचे, तर उरलेले ९३.९६ रुपये दुसऱ्या रकमेचेच असणार. आज ९३.९६ रुपयांना दोन वर्षांनी मिळणारे १०६.४० रुपये विकत मिळतात, म्हणून दोन वर्षांनी मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत ९३.९६ भागिले १०६.४०, म्हणजे ०.८८३१. हा दुसऱ्या वर्षाचा फॅक्टर. त्यावरून दर काढला तर ६.४१ टक्के येतो, ६.४० पेक्षा किंचित जास्त.

तिसऱ्या वर्षीही हेच. ६.७५ चे दोन हप्ते पहिल्या दोन फॅक्टरांनी आजच्या किमतीत आणायचे, त्यांची बेरीज १२.३३ रुपये होते. उरलेले ८७.६७ रुपये तिसऱ्या वर्षीच्या १०६.७५ रुपयांची किंमत. भागाकार केला की ०.८२१३ मिळतो. चौथ्या आणि पाचव्या वर्षीही याच चालीने गेले की हा तक्ता तयार होतो.

| वर्ष | रोख्याचा दर (%) | डिस्काउंट फॅक्टर | स्पॉट रेट (%) |
|---|---|---|---|
| १ | ६.०० | ०.९४३४ | ६.०० |
| २ | ६.४० | ०.८८३१ | ६.४१ |
| ३ | ६.७५ | ०.८२१३ | ६.७८ |
| ४ | ७.०० | ०.७६१४ | ७.०५ |
| ५ | ७.२० | ०.७०३९ | ७.२८ |

रोख्याचा दर आणि स्पॉट रेट यांतली तफावत मुदतीबरोबर कशी रुंदावते ते पाहा. पहिल्या वर्षी ती शून्य आहे, पाचव्या वर्षी ०.०८ टक्क्यांच्या आसपास. रेषा जितकी उभी आणि मुदत जितकी लांब, तितकी ही तफावत मोठी.

दोन पर्यायांचा खरा हिशेब

आता कुटुंबाच्या जमिनीकडे परत जाऊ. पहिल्या पर्यायातल्या प्रत्येक २० लाखांना त्या त्या वर्षाच्या फॅक्टरने गुणायचे. पहिल्या वर्षीच्या हप्त्याची आजची किंमत १८.८७ लाख, दुसऱ्याची १७.६६, तिसऱ्याची १६.४३, चौथ्याची १५.२३ आणि पाचव्याची १४.०८ लाख येते. फॅक्टरांचे सगळे दशांश ठेवून बेरीज केली तर ८२.२६ लाख.

दुसऱ्या पर्यायात एकच गुणाकार आहे. ११६ लाख गुणिले पाचव्या वर्षाचा फॅक्टर, म्हणजे ८१.६५ लाख.

निकाल फिरला. एकाच दराने एकरकमी पर्याय ३७ हजारांनी पुढे होता, वर्षागणिक दर लावल्यावर हप्त्यांचा पर्याय ६१ हजारांनी पुढे गेला. हे कुठून आले तेही दिसते. पहिल्या वर्षीच्या हप्त्याला ७.२० टक्के लावले तेव्हा त्याची किंमत १८.६६ लाख धरली गेली होती, म्हणजे २१ हजारांनी कमी. दुसऱ्या हप्त्यात जवळपास २६ हजार कमी धरले गेले. पाचव्या हप्त्यात मात्र ५ हजार जास्त धरले गेले. चढत्या रेषेवर लांब मुदतीचा एकच दर वापरला की लवकर येणारे पैसे स्वस्तात मोजले जातात आणि उशिरा येणारे थोडे महागात. एकरकमी पर्यायात सगळे पैसे उशिराचे, म्हणून तोच फुगून दिसला.

इथे एक रास्त शंका येते. हा सगळा फरक कागदावरचाच तर नाही ना? तो कागदावरचा नाही, हे व्यवहारानेच दाखवता येते. समजा, कुटुंबाने हप्त्यांचा पर्याय घेतला, पण त्यांना पैसे पाचव्या वर्षीच हवे आहेत. मग पहिल्या चार वर्षांचे हप्ते मिळण्याचा हक्क आजच्या बाजारभावाने विकायचा. वरच्या फॅक्टरांनी त्याचे आज ६८.१८ लाख मिळतात. हे पैसे पाच वर्षांच्या, मध्ये व्याज न देणाऱ्या, म्हणजे झिरो कूपन सरकारी रोख्यात गुंतवायचे. ६८.१८ ला पाचव्या वर्षाच्या फॅक्टरने, सगळे दशांश ठेवून, भागले की पाचव्या वर्षी ९६.८७ लाख हाती येतात. त्यात पाचव्या वर्षीचा स्वतःचा २० लाखांचा हप्ता मिळवला की १ कोटी १६ लाख ८७ हजार. समोरचा १ कोटी १६ लाख देऊ करत होता. पाचव्या वर्षी हातात पडणारी रक्कम ८७ हजारांनी जास्त आहे, आणि पुढे व्याजदर वाढले काय किंवा घटले काय, तिच्यात बदल होत नाही, कारण सगळे सौदे आजच्या भावाने बांधलेले आहेत.

घरगुती व्यवहारात हप्ते इतक्या सहज विकता येत नाहीत आणि दलालीही जाते. पण ज्या संस्था रोज असे व्यवहार करतात त्यांना ते जमते, आणि बाजारातले भाव त्यांच्याच सौद्यांतून ठरतात. वर्षागणिक दर लावणे बरोबर का, याचे उत्तर या सौद्यात आहे. त्या दरांनी आलेली किंमत बाजारात प्रत्यक्ष उभी करता येते. एका सरासरी दराने आलेल्या किमतीबद्दल असे म्हणता येत नाही.

वर्षाचे दोन दर आणि त्यांतली गल्लत

वर्षागणिक दर लावायचे ठरवल्यावर लोक ज्या ठिकाणी सर्वांत जास्त अडखळतात, ते ठिकाण आता पाहू. ‘चौथ्या वर्षाचा दर’ या शब्दांचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे आजपासून चौथ्या वर्षअखेरपर्यंतचा, पूर्ण चार वर्षांचा वार्षिक दर. हा स्पॉट रेट. दुसरा म्हणजे तिसरे वर्ष संपल्यापासून चौथे संपेपर्यंतच्या फक्त एका वर्षाचा दर. हा फॉरवर्ड रेट.

फॉरवर्ड रेट काढायला लागोपाठच्या दोन फॅक्टरांचा भागाकार पुरतो. तिसऱ्या वर्षाचा फॅक्टर ०.८२१३ आणि चौथ्याचा ०.७६१४. भागाकार साधारण १.०७८७, म्हणून चौथ्या वर्षाचा फॉरवर्ड रेट ७.८७ टक्के. अशाच रीतीने पाच वर्षांचे फॉरवर्ड रेट ६.००, ६.८३, ७.५३, ७.८७ आणि ८.१७ टक्के येतात. स्पॉट रेट जिथे ६ पासून ७.२८ पर्यंत चढला, तिथे फॉरवर्ड ८.१७ पर्यंत पोहोचला. कारण सोपे आहे. सरासरी वर न्यायची असेल तर नवे वर्ष सरासरीपेक्षा बरेच वर असावे लागते.

दोन्ही दर बरोबर आहेत, फक्त त्यांची वापरण्याची रीत निराळी आहे. स्पॉट रेट वापरायचा तर पाचव्या वर्षीच्या रकमेला १.०७२८ ने पाच वेळा भागायचे. फॉरवर्ड वापरायचे तर त्या रकमेला १.०६००, १.०६८३, १.०७५३, १.०७८७ आणि १.०८१७ या पाच वेगवेगळ्या आकड्यांनी एकेकदा भागायचे. दरांचे सगळे दशांश ठेवले तर उत्तर दोन्ही वाटांनी ८१.६५ लाखच येते.

घोळ होतो तो दोन्ही रीती एकमेकींत मिसळल्यावर. कुणी स्पॉट रेटच वर्षावर्षाने गुणत जातो, म्हणजे १.०६ गुणिले १.०६४१ गुणिले १.०६७८ असे. या वाटेने ११६ लाखांची किंमत ८३.८६ लाख निघते, खऱ्यापेक्षा २ लाख २१ हजारांनी जास्त. कुणी उलट पाचव्या वर्षाचा फॉरवर्ड ८.१७ घेऊन तो पाचही वर्षांना लावतो. मग किंमत ७८.३३ लाख येते, ३ लाख ३१ हजारांनी कमी. मूळ एका दराच्या हिशेबात चूक २९ हजारांची होती. म्हणजे अर्धवट समजून वापरलेले वर्षागणिक दर एका दरापेक्षाही जास्त नुकसान करतात. दरांचा तक्ता कुणी हाती दिला तर तो स्पॉटचा आहे की फॉरवर्डचा, हे आधी विचारून घ्यावे. विचारायची सोय नसेल तर रोख्यांच्या दरांशी ताडून पाहावे. चढत्या रेषेवर स्पॉट रेट रोख्याच्या दराच्या थोडाच वर असतो, फॉरवर्ड बराच वर.

फॉरवर्ड रेटबद्दल आणखी एक गोष्ट. पाचव्या वर्षाचा ८.१७ टक्के म्हणजे चार वर्षांनी एक वर्षाचा दर तेवढा असेल असे भाकीत नव्हे. आजच्या भावांत चार वर्षांनंतरच्या एका वर्षासाठी आजच बांधून घेता येणारा तो दर आहे. लांब मुदतीसाठी पैसे अडकवायला गुंतवणूकदार जास्त मोबदला मागतात, तोही त्यात मिसळलेला असतो.

स्प्रेडशीटमध्ये मांडताना

स्प्रेडशीटमधले NPV हे फंक्शन एकच दर घेते, म्हणून या कामाला ते उपयोगी नाही. वर्षे A2 ते A6 मध्ये, रकमा B2 ते B6 मध्ये आणि स्पॉट रेट C2 ते C6 मध्ये लिहिले असतील तर एका ओळीत काम होते.

```
=SUMPRODUCT(B2:B6/(1+C2:C6)^A2:A6)
```

शेजारी D2 ते D6 मध्ये पाच वर्षांच्या रोख्याच्या रकमा लिहून आणखी एक तपासणी करावी. याच स्पॉट रेटनी, त्यांचे सगळे दशांश ठेवून, त्या रोख्याची किंमत काढायची. ७.२० चे चार हप्ते आणि शेवटी १०७.२० टाकल्यावर उत्तर बरोबर १०० यायला हवे. नाही आले तर दर काढतानाच कुठेतरी चूक झाली आहे, आणि पुढच्या कुठल्याही आकड्यावर विसंबू नये.

दर कुठून घ्यायचे आणि ते बिघडलेले कसे ओळखायचे

भारतात सरकारी रोख्यांच्या मूल्यांकनाचे दर फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही मुंबईतली संस्था जाहीर करते. ३१ मार्च २०१८ पासून हे काम तिच्याकडे आहे. ज्याला स्वतः जुडी सोडवायची नाही, त्याने झिरो कूपन दरांचा तयार तक्ता घ्यावा. ज्याला स्वतः करायचे आहे, त्याने पहिल्या वर्षासाठी ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलापासून सुरुवात करावी, कारण त्यात मध्ये व्याज येत नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१० पासून स्ट्रिप्सचीही सोय केली आहे. तिच्यात सरकारी रोख्याचा प्रत्येक हप्ता वेगळा करून स्वतंत्र झिरो कूपन रोखा म्हणून ठेवता आणि विकता येतो. आपण वर कागदावर सोडवली ती जुडी इथे प्रत्यक्षात सुटते.

खऱ्या आकड्यांवर काम करताना दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे आपल्याकडे मुदतीच्या सरकारी रोख्यांचे व्याज सहामाही मिळते आणि त्यांचा दरही सहामाही पद्धतीने सांगितला जातो. सहामाही ७.२० टक्के म्हणजे सहा महिन्यांना ३.६०, आणि १.०३६ चा वर्ग केला की वर्षाचे ७.३३ टक्के होतात. ०.१३ टक्क्यांचा हा फरक, पाचव्या वर्षी रोख्याचा दर आणि स्पॉट रेट यांत दिसलेल्या फरकापेक्षा मोठा आहे. वार्षिक रकमांना सहामाही दर तसाच लावला, तर जुडी सोडवण्यात घेतलेली सगळी मेहनत त्या एका चुकीत जाते. म्हणून आधी दर वार्षिक करून घ्यावेत, किंवा सगळी मांडणीच सहामाही करावी.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. सगळ्याच मुदतींच्या रोख्यांत रोज उलाढाल होत नाही. काही रोखे दिवसेंदिवस कुणी घेत-विकत नाही आणि त्यांचा शेवटचा भाव शिळा असतो. समजा, चार वर्षांच्या रोख्याचा खरा दर ७.०० आहे, पण एका जुन्या सौद्यावरून आपण तो ७.३० धरला. रोख्यांच्या दरांची यादी ६.७५, ७.३०, ७.२० अशी दिसेल, थोडी वाकडी, पण घाईत नजरेतून सुटावी अशी. स्पॉट रेट काढले तर ६.७८, ७.३९, ७.२६ येतात. अजूनही फार काही खटकत नाही. पण फॉरवर्ड काढले की ७.५३, ९.२४, ६.७२ असे उभे राहतात. तिसऱ्या वर्षानंतर दर एकदम पावणेदोन टक्क्यांनी उसळतो आणि लगेच अडीच टक्क्यांनी कोसळतो. बाजाराने अशी मागणी करण्याचे काही कारण नाही. फॉरवर्ड रेट फॅक्टरांतला छोटा बिघाड मोठा करून दाखवतात, म्हणून दर तपासायचे झाले तर नेहमी त्यांच्यावरच तपासावेत. दातेरी फॉरवर्ड दिसले की त्या मुदतीच्या रोख्याचा भाव वगळायचा आणि अलीकडच्या-पलीकडच्या मुदतींवरून तो भरून काढायचा.

रोज हे काम करणाऱ्या संस्था म्हणूनच प्रत्येक बिंदूतून जाणारी रेषा न आखता सगळ्या बिंदूंच्या जवळून जाणारी गुळगुळीत रेषा बसवतात. चार्ल्स नेल्सन आणि अँड्र्यू सीगल यांनी १९८७ मध्ये मांडलेले सूत्र आणि लार्स स्वेन्सन यांनी १९९४ मध्ये त्यात घातलेली भर यासाठी जगभर वापरात आहे. त्यात एखाद्या शिळ्या भावाचा धक्का आजूबाजूला विरून जातो. त्याच्या बदल्यात एखाद्या रोख्याची किंमत नेमकी बाजारभावाएवढी येत नाही, काही पैशांचा फरक राहतो.

रेषा उलटी झाली तर

आतापर्यंतचा सगळा हिशेब चढत्या रेषेवरचा होता. रेषा उतरती असेल तर चुकीची दिशाही उलटते. भारतात २०१३ च्या जुलैमध्ये असे घडले. रुपया घसरत होता, तो सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १५ जुलैला बँकांना आणीबाणीत मिळणाऱ्या एका रात्रीच्या कर्जाचा, म्हणजे मार्जिनल स्टँडिंग फॅसिलिटीचा, दर ८.२५ वरून थेट १०.२५ टक्के केला. अल्प मुदतीचे दर दहा वर्षांच्या रोख्याच्याही वर गेले. अशा काळात कुणी पाच वर्षांचा एकच दर वापरला, तर लवकर येणाऱ्या रकमा महाग धरल्या जातात आणि शेवटची एकरकमी रक्कम स्वस्त. आपल्या कुटुंबाला तेव्हा हप्त्यांचा पर्याय उगाच गोड वाटला असता. म्हणून ‘एक दर वापरला तरी थोडे सांभाळून घेता येईल’ असा ठोकताळा इथे चालत नाही. किती सांभाळायचे आणि कुठल्या बाजूला, हे रेषा पाहिल्याशिवाय कळत नाही.

जोखीम असेल तेव्हा, आणि एक दर चालतो तेव्हा

बँक गॅरंटीमुळे आपण सरकारी दर वापरले. रक्कम एखाद्या कंपनीकडून येणार असेल तर ती बुडण्याच्या शक्यतेचा मोबदला प्रत्येक वर्षाच्या स्पॉट रेटवर वेगळा चढवावा लागतो. तोही सगळ्या वर्षांना सारखा असेलच असे नाही. ज्या कंपनीबद्दल पुढच्या वर्षाची खात्री आहे पण पाचव्या वर्षाची नाही, तिच्या बाबतीत हा मोबदला मुदतीबरोबर वाढतो. काळाचा दर आणि जोखमीचा मोबदला असे दोन रकाने वेगळे ठेवले, तर उद्या एक बदलला तरी दुसऱ्याला हात लावावा लागत नाही.

कारखान्याच्या विस्तारासारख्या प्रकल्पात मात्र हे सगळे करून फारसे हाती लागत नाही. पाचव्या वर्षीचा नफाच वीस टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो, तिथे दरातल्या पाव टक्क्याची बारकाई त्या अंदाजाखाली गडप होते. वर्षागणिक दरांचा खरा उपयोग रकमा आणि तारखा आजच ठरलेल्या असतात तिथे आहे. भाडेकरार, विम्याची आणि पेन्शनची देणी, हप्त्यांची विक्री, आणि मुख्य म्हणजे दोन वेगळ्या वेळापत्रकांची तुलना.

कर्मचाऱ्यांच्या ग्रॅच्युइटीसारख्या देण्यांचा हिशेब ज्या लेखामानकाखाली होतो, त्या इंड एएस १९ मध्ये एकच दर वापरायला वाव आहे, पण एका अटीवर. तो रकमा कधी द्याव्या लागणार आहेत हे लक्षात घेऊन काढलेला भारित सरासरी दर हवा. ज्या कंपनीतले लोक तीन-चार वर्षांत नोकरी सोडून जातात, तिने दहा वर्षांच्या रोख्याचा दर उचलून लावला, तर चढत्या रेषेवर तिचे देणे कागदावर खऱ्यापेक्षा कमी दिसते.

कुटुंबाच्या उदाहरणात हा भारित दर किती येतो, तेही पाहता येते. हप्त्यांच्या पर्यायाची खरी किंमत ८२.२६ लाख आहे. कुठल्या एकाच दराने हे पाच हप्ते मोजले तर बरोबर तेवढे येतील? उत्तर ६.८८ टक्के. एकरकमी पर्यायाला हाच प्रश्न विचारला तर उत्तर ७.२८ टक्के. बाजार एक, दिवस एक, मुदत दोन्हीकडे पाच वर्षे, आणि तरीही दोन पर्यायांचे एकेरी दर ०.४० टक्क्यांनी वेगळे, कारण पैसे येण्याच्या तारखा वेगळ्या. हे दोन दर किंमत काढून झाल्यावरच सापडतात. आधीच एक दर ठरवून दोघांनाही लावायला गेले, तर तो निदान एकाला तरी चुकीचा ठरणार, आणि ७.२० हा आकडा तर दोघांपैकी एकाचाही नव्हता.